स्पंदांमधली शांतता

खालापूर तालुक्यातलं लोधिवली जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. उत्तरेला इर्शाळगड आणि प्रबळगडाची रांग उभी आहे, दक्षिणेला पाताळगंगेचं खोरं आहे. पावसाळ्यानंतरच्या रात्री इथे ध्वनिमुद्रक लावला, तर एकाच फितीत रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा येतो, शेताच्या बांधावरचे रातकिडे येतात आणि उजाडता उजाडता भारद्वाजाचा खोल घुमारा येतो. यातला प्रत्येक आवाज संगणकाने वेगळा ओळखावा यासाठी आज सर्रास वापरली जाणारी रीत अशी: आवाजाचं लॉग-मेल स्पेक्ट्रोग्रॅम करायचं, म्हणजे काळ आडवा, स्वराची उंची उभी आणि ऊर्जा रंगाच्या गडदपणात असं चित्र काढायचं, आणि ते चित्र प्रतिमा ओळखणाऱ्या कन्व्होल्युशनल नेटवर्कला द्यायचं. चर्चा बहुतेक वेळा नेटवर्कचीच होते. चित्र कसं काढलं, हे मात्र कोणीतरी आधी ठरवून ठेवलेल्या आकड्यांवर सोडलं जातं. माझं म्हणणं असं की यशापयशाचा मोठा भाग त्या आकड्यांतच ठरून गेलेला असतो, आणि त्यांतही दोन आकडे निर्णायक आहेत: विंडोची लांबी आणि हॉप. हे आकडे सॉफ्टवेअरच्या सवयीतून न घेता ओळखायच्या आवाजातून मोजून घ्यावेत. चित्र काढताना जे पुसलं गेलं, ते पुढचं कोणतंही नेटवर्क परत आणू शकत नाही.

आधी चित्र कसं तयार होतं ते पाहू. सेकंदाला 22050 नमुने या दराने घेतलेल्या आवाजातून एक छोटा तुकडा उचलायचा. तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणाऱ्या हान विंडोने त्याला गुणायचं आणि त्यात कोणत्या वारंवारतेची किती ऊर्जा आहे ते एफएफटीने काढायचं. मग थोडं पुढे सरकून तेच पुन्हा करायचं. तुकड्याची लांबी ही विंडो आणि दोन तुकड्यांच्या सुरुवातींमधलं अंतर हा हॉप. प्रत्येक तुकड्यातून निघालेल्या शेकडो वारंवारतांची ऊर्जा मग मेल पट्ट्यांमध्ये गोळा केली जाते. या मापाची कल्पना स्टीव्हन्स, फोकमन आणि न्यूमन यांनी 1937 साली माणसाला जाणवणाऱ्या स्वरांतरांवरून मांडली. त्यात खालच्या स्वरांना अरुंद पट्ट्या मिळतात आणि वरच्या स्वरांना रुंद. शेवटी प्रत्येक पट्टीतल्या ऊर्जेचा लॉगरिथम घेतला जातो, म्हणून दूरचा क्षीण आवाज आणि जवळचा मोठा आवाज एकाच चित्रात मावतात. क्रम लक्षात ठेवायचा तो असा: विंडो, ऊर्जा, मेल, लॉग. या क्रमात ऊर्जेच्या पायरीला कला टाकून दिली जाते आणि मेलच्या पायरीला शेजारच्या वारंवारता एकमेकींत मिसळतात. दोन्ही पायऱ्या एकेरी आहेत, तिथून मागे फिरता येत नाही.

विंडोचा मूळ पेच सगळ्यांना माहीत असतो. लांब विंडो स्वर बारकाईने सांगते पण घटना कधी घडली ते धूसर करते, आखूड विंडो याच्या उलट वागते. डेनिस गॅबॉर यांनी 1946 साली ही मर्यादा ध्वनीसाठी मांडली. हान विंडोपुरता व्यवहारी हिशेब सोपा आहे: दोन स्थिर स्वर जेमतेम वेगळे दिसायला त्यांच्यात निदान दोन भागिले विंडोची सेकंदांतली लांबी एवढ्या हर्ट्झचं अंतर लागतं. विंडो 93 मिलिसेकंदांची असेल तर हे अंतर साधारण 21 हर्ट्झ येतं, 25 मिलिसेकंदांची असेल तर 80. इतकं सांगून बहुतेक पाठ थांबतात आणि मधला काहीतरी आकडा घ्या असं सुचवतात. पण मेल पट्ट्या आल्या की या पेचाचं रूप बदलतं, आणि तो बदल रातकिड्यांच्या उदाहरणात नीट दिसतो.

मैदानी रातकिड्यांचा स्वर साधारण 4 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तो सलग नसतो. पंख एकमेकांवर घासल्याच्या प्रत्येक खेपेला एक छोटा स्पंद निघतो, मग क्षणभर शांतता, मग पुढचा स्पंद. हिशेबासाठी दोन रातकिडे घेऊ. दोघांचाही स्वर 4.5 किलोहर्ट्झच्या आसपास आहे. पहिला सेकंदाला 25 स्पंद काढतो, म्हणजे 20 मिलिसेकंद आवाज आणि 20 मिलिसेकंद शांतता. दुसरा सेकंदाला 50 काढतो, म्हणजे 10 आणि 10. आता `librosa` हे लोकप्रिय सॉफ्टवेअर काहीही न बदलता वापरलं, तर विंडो 2048 नमुन्यांची म्हणजे 93 मिलिसेकंदांची असते आणि हॉप 512 नमुन्यांचा, म्हणजे 23 मिलिसेकंदांचा. त्या विंडोत पहिल्या किड्याचे दोनाहून जास्त स्पंद त्यांच्यामधल्या शांततेसकट मावतात. विंडो पुढे सरकली तरी आतली एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. हिशेब केला तर मूळ चढउतारातला फक्त 8 टक्के भाग उरतो आणि चित्रात उंचवटा आणि खळगा यांत 1 डेसिबलहूनही कमी फरक दिसतो. पानांची सळसळ त्याहून जास्त चढउतार करते. दुसऱ्या किड्याचा तर मागमूसही राहत नाही. दोघेही 4.5 किलोहर्ट्झवर ओढलेली सारखीच सपाट रेघ होतात.

इथे जाणकार एक योग्य शंका काढतील. लांब विंडोत लय नाहीशी होत नाही, ती वारंवारतेच्या बाजूला जाते: सेकंदाला 25 वेळा चालू-बंद होणाऱ्या स्वराच्या दोन्ही बाजूंना 25 हर्ट्झच्या अंतराने उपस्वर उमटतात, आणि 93 मिलिसेकंदांच्या विंडोला ते अंतर जेमतेम का होईना, दिसतं. हे खरं आहे. साधं स्पेक्ट्रोग्रॅम वापरत असतो तर माझा आक्षेप बराच सौम्य झाला असता. पण आपण पुढच्याच पायरीला मेल पट्ट्या लावतो. 150 हर्ट्झ ते 10 किलोहर्ट्झ या पल्ल्यात 64 पट्ट्या पाडल्या, तर 4.5 किलोहर्ट्झपाशी दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्यांत सुमारे 220 हर्ट्झचं अंतर पडतं. 25 हर्ट्झवर आलेले उपस्वर मूळ स्वरासकट एकाच पट्टीत जातात आणि त्यांची बेरीज होते. लांब विंडोने लय काळातून काढून वारंवारतेत ठेवली आणि मेलने ती वारंवारतेतूनही पुसली. दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या पाहिल्या तर वाजवी वाटतात, एकामागून एक आल्या की माहितीचा एकही धागा शिल्लक ठेवत नाहीत. वरच्या पट्ट्यांमध्ये मेल मुळात ढोबळ आहे, म्हणून तिथे लांब विंडो घेऊन काहीच मिळत नाही. मिळालेली बारकाई पुढच्या पायरीला फेकूनच द्यायची असते. यातून माझा पहिला नियम निघतो: स्पंदांच्या आवाजासाठी विंडो स्पंदांमधल्या शांततेएवढी ठेवावी, फार तर किंचित मोठी. पहिल्या किड्याला 25 मिलिसेकंद चालतात. स्वच्छ आवाजात उंचवटा आणि खळगा यांत तेव्हा 30 डेसिबलच्या आसपास फरक मिळतो. दुसऱ्याला त्याच विंडोत जेमतेम 7 डेसिबल मिळतात, म्हणजे रिमझिम पाऊस सुरू झाला की लय गेली. दोघेही हवे असतील तर 256 नमुन्यांची, म्हणजे 11.6 मिलिसेकंदांची विंडो घ्यावी.

हॉपबद्दल दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला असा की हॉप लहान केला की काळाची बारकाई वाढते. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून धावत्या माणसाची छायाचित्रं काढली, तर कितीही काढली तरी प्रत्येक छायाचित्र धूसरच येणार. तसंच 93 मिलिसेकंदांची विंडो 1 मिलिसेकंदाच्या हॉपने सरकवली तर चित्र रुंद होतं, पण त्यातली सपाट रेघ सपाटच राहते. दुसरा गैरसमज असा की विंडो आखूड केली की काम झालं, हॉप होता तसा राहू द्यावा. हा जास्त घातक आहे, कारण इथे माहिती नुसती जात नाही, ती खोटी होते. 512 नमुन्यांच्या हॉपने सेकंदाला सुमारे 43 स्तंभ मिळतात, आणि त्यांत सेकंदाला साडेएकवीसपेक्षा जलद लय खरी उमटू शकत नाही. 25 स्पंदांचा किडा तिथे 18 स्पंदांचा होऊन दिसतो. चित्र स्वच्छ आणि ठसठशीत असतं, फक्त ते प्रत्यक्षात नसलेल्या किड्याचं असतं. 10 मिलिसेकंदांच्या हॉपने पहिला किडा नीट दिसतो, पण सेकंदाला 50 स्पंदांचा दुसरा नेमका मर्यादेवर येतो: कधी स्तंभ स्पंदावर आणि शांततेवर पडतात, कधी दोन्ही स्तंभ उतारावर पडून लय गायब होते. म्हणून इथे 5 मिलिसेकंद, म्हणजे 110 नमुने हवेत. रातकिड्यांचा वेग तापमानाबरोबर वाढतो हे 1897 सालच्या डॉलबेअर यांच्या निरीक्षणापासून सर्वश्रुत आहे, तेव्हा थंड रात्री मोजलेल्या लयीवर अगदी बेताचा हॉप ठरवू नये. हॉप विंडोच्या निम्मा किंवा त्याहून थोडा लहान ठेवावा आणि सर्वांत जलद लयीच्या एका आवर्तनात निदान तीन-चार स्तंभ पडतात ना, ते पाहावं.

आता भोंगा आणि भारद्वाज घेऊ, कारण त्यांची मागणी नेमकी विरुद्ध आहे. भारद्वाजाचा घुमारा काही शे हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि एका वेळी एकच स्वर देतो. अनेक गाड्यांच्या भोंग्यात दोन स्वर एकत्र वाजतात. उदाहरणासाठी ते 420 आणि 500 हर्ट्झ धरू. दूरवरून, वरचे उपस्वर हवेत आणि झाडीत विरून गेल्यावर, या दोन आवाजांत उरणारा एक भरवशाचा फरक म्हणजे एक स्वर की दोन. रातकिड्यांसाठी निवडलेल्या 11.6 मिलिसेकंदांच्या विंडोला मात्र 170 हर्ट्झहून जवळचे स्वर वेगळे करता येत नाहीत. 80 हर्ट्झवरचे दोन स्वर तिथे एकच जाड पट्टा होतात. 93 मिलिसेकंदांची विंडो ते सहज सोडवते, आणि खालच्या भागात मेल पट्ट्या 47 हर्ट्झच्या अंतरावर असल्यामुळे तो फरक पुढेही टिकतो. शिवाय आखूड विंडोबरोबर एफएफटीही तितकीच आखूड ठेवली, तर खाली आणखी एक बिघाड होतो. 256 नमुन्यांच्या एफएफटीत वारंवारतेची घरं 86 हर्ट्झच्या अंतराने येतात, तर खालच्या मेल पट्ट्या त्याहून दाट असतात. काही पट्ट्यांच्या वाट्याला एकही मोजमाप येत नाही आणि चित्रात आडव्या काळ्या रेघा उमटतात. `librosa` अशा वेळी `Empty filters detected` असा इशारा देतं. तो इशारा दुर्लक्षून पुढे जाणारे बरेच असतात.

तेव्हा एकाच फितीतल्या दोन आवाजांना दोन विंडो हव्यात. अशा वेळी मधला 25 किंवा 40 मिलिसेकंदांचा आकडा घेणं हा समंजसपणा वाटतो, पण त्यात दोन्ही आवाजांचं नुकसान होतं. चांगला मार्ग नेटवर्कच्याच रचनेत आहे. रंगीत छायाचित्राला तांबडा, हिरवा, निळा असे तीन थर असतात आणि कन्व्होल्युशनल नेटवर्क ते एकत्र वाचतं. आपणही एकाच आवाजाची दोन चित्रं, एक आखूड विंडोचं आणि एक लांब विंडोचं, थर म्हणून देऊ शकतो. अट एवढीच की दोन्हींचा हॉप आणि पट्ट्यांची संख्या सारखी असावी, आणि प्रत्येक स्तंभाचा मध्य त्याच क्षणावर पडावा.

```python
import librosa, numpy as np
y, sr = librosa.load("ratra.wav", sr=22050)

def thar(win):
    S = librosa.feature.melspectrogram(
        y=y, sr=sr, n_fft=2048, win_length=win,
        hop_length=110, n_mels=64, fmin=150, fmax=10000)
    return librosa.power_to_db(S, ref=1.0, top_db=None)

X = np.stack([thar(256), thar(2048)])
```

इथे `n_fft` दोन्ही वेळी 2048 ठेवला आहे आणि बदलतो तो फक्त `win_length`. 256 नमुन्यांच्या तुकड्याभोवती शून्यं भरली जातात. त्यामुळे रिकाम्या पट्ट्यांचा प्रश्न सुटतो आणि दोन्ही थर आपोआप एका मध्यावर येतात. शून्यं भरल्याने स्वरांची बारकाई मात्र वाढत नाही, फक्त तीच धूसर रेषा जास्त बिंदूंनी काढली जाते. `n_fft` वाढवला म्हणजे विंडो बदलली असं समजणं हा या क्षेत्रातला फार पसरलेला घोळ आहे. `ref=1.0` आणि `top_db=None` हेही विचारपूर्वक आहेत. प्रत्येक तुकडा स्वतःच्या कमाल ऊर्जेशी मोजला, तर महामार्गावरून ट्रक गेला की त्या तुकड्यातले सगळे रातकिडे एकदम खाली ढकलले जातात. त्यातच 80 डेसिबलखालचं सगळं छाटण्याची सवय जोडली, तर क्षीण आवाज कापलेच जातात. लांब विंडोत जास्त नमुने असल्यामुळे तिच्या थराचे आकडे मोठे येतात, पण लॉगनंतर तो फरक बहुतांशी बेरजेचा असतो. प्रशिक्षणाच्या साऱ्या फितींवरून प्रत्येक थराची सरासरी आणि विचलन काढून ते वजा-भाग केले की पुरतं.

या सगळ्यावर पहिला मोठा आक्षेप असा येतो: एवढी हातमोजणी कशाला, पुरेशी सामग्री दिली तर नेटवर्क स्वतःच शिकेल. कच्च्या ध्वनिलहरीवर शिकणारी नेटवर्क आहेत, पट्ट्याच शिकून घेणारी 2021 सालची लीफसारखी रचनाही आहे. पण तिथेही पहिल्या थरातल्या गाळणीला लांबी असते, तिच्या निष्पत्तीची सरासरी किती काळावर घ्यायची ते ठरवावं लागतं आणि पुढे किती नमुने सोडून सरकायचं तेही. प्रश्न आत सरकतो, संपत नाही. सामग्री अफाट असेल तर त्याचं उत्तर शिकून मिळतं. एका तालुक्यातल्या काही रात्रींच्या फितींवर काम असेल, तर आपल्याला जे आधीच माहीत आहे ते नेटवर्कला शोधायला लावणं ही चैन परवडत नाही. आणि लॉग-मेल चित्रच द्यायचं असेल, तर आक्षेप मुळातच लागू होत नाही, कारण तिथे हरवलेली लय सामग्रीच्या डोंगरातही सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. 25 मिलिसेकंदांची विंडो आणि 10 मिलिसेकंदांचा हॉप जगभर चालतो. गूगलच्या 2017 सालच्या व्हीजीजीश या नेटवर्कने 16 किलोहर्ट्झच्या आवाजावर हेच आकडे आणि 64 मेल पट्ट्या वापरल्या आणि ते असंख्य कामांत उपयोगी पडलं. मला हे मान्य आहे. पण हे आकडे आले कुठून ते पाहावं. ते वाणी ओळखण्याच्या परंपरेतून आले. पुरुषी आवाजात स्वरतंतू सेकंदाला सुमारे शंभर वेळा उघडमीट करतात, म्हणून 25 मिलिसेकंदांत दोन-अडीच आवर्तनं मावतात आणि तेवढ्या काळात तोंडाचा आकार फारसा बदलत नाही. वेगळ्या प्रश्नाचं ते नेमकं उत्तर आहे. कुत्रा, गाडी, गिटार असे ढोबळ वर्ग ओळखताना ते पुरतं, कारण तिथे फरक सगळीकडे पसरलेला असतो. एकाच स्वरावरचे दोन किडे ओळखताना फरक एकाच जागी असतो. पक्ष्यांच्या आवाजांवर चालणाऱ्या बर्डनेटच्या 2021 सालच्या शोधनिबंधातही आखूड विंडोमुळे, म्हणजे काळाच्या जास्त बारकाईमुळे, ओळख सुधारते असाच निष्कर्ष आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. थर दुप्पट केल्याने फारसं वाढत नाही, फक्त पहिल्या कन्व्होल्युशनचे भारांक दुप्पट होतात. खरा बोजा हॉपचा आहे. 5 मिलिसेकंदांच्या हॉपने 3 सेकंदांच्या तुकड्याचे 602 स्तंभ होतात, 10 च्या हॉपने 301 झाले असते, आणि सुरुवातीच्या प्रत्येक थराचं काम त्या प्रमाणात वाढतं. यावर उपाय असा की सुरुवातीच्या एक-दोन थरांनी जवळजवळ पडलेल्या स्पंदांची लय टिपली की काळाच्या दिशेने पूलिंग करून चित्र आकसावं. तोवर लयीचं रूपांतर गुणवैशिष्ट्यांत झालेलं असतं, तिला आता इतके स्तंभ लागत नाहीत. पूलिंग त्याआधी केलं तर मोठ्या हॉपचाच दोष मागच्या दाराने आत येतो.

आपली निवड चुकली आहे हे कळतं कसं? अचूकतेच्या एका टक्केवारीतून ते कळत नाही. कोणता वर्ग कोणत्या वर्गाशी गफलत करतो, तो तक्ता पाहावा. एकाच स्वराचे पण वेगळ्या लयीचे आवाज आपसात मिसळत असतील तर विंडो किंवा हॉप मोठा आहे. एकाच लयीचे पण जवळच्या स्वरांचे आवाज मिसळत असतील तर विंडो आखूड आहे किंवा मेल पट्ट्या ढोबळ आहेत. आणखी खात्रीची चाचणी प्रशिक्षणाच्या आधीच होते. 4.5 किलोहर्ट्झचा स्वर सेकंदाला 25 आणि 50 वेळा चालू-बंद करून कृत्रिम आवाज बनवावा, त्यात फितीतल्याच पावसाचा आवाज मिसळावा, चित्र काढावं आणि त्या एका पट्टीतली ऊर्जा काळानुसार आलेखात मांडावी. आपल्या डोळ्यांना उंचवटे मोजता आले नाहीत, तर नेटवर्कलाही ते मोजता येणार नाहीत. या चाचणीला मर्यादाही आहे. डोंगरउतारावरून आणि झाडीतून परतणारा प्रतिध्वनी स्पंदांमधली शांतता भरून काढतो, आणि दूरच्या किड्याची लय मायक्रोफोनपर्यंत पोहोचण्याआधीच पुसट होते. तिथे कोणतीही विंडो उपयोगाची नाही, मायक्रोफोन जवळ नेणं हाच उपाय.

म्हणून कामाचा क्रम उलटा करावा असं मी आग्रहाने म्हणेन. आधी वर्गांची यादी घ्यावी, सर्वांत गोंधळात टाकणारी जोडी निवडावी, तिच्यातला फरक लयीत आहे की स्वरात ते कच्च्या ध्वनिलहरीवर मोजावं, त्यावरून विंडो आणि मग हॉप ठरवावा. नेटवर्कची निवड त्यानंतर करावी. आणि साठवायचा तो आवाज, स्पेक्ट्रोग्रॅम नव्हे. 3 सेकंदांचा 16 बिटांचा एकपदरी आवाज सुमारे 132 किलोबाइटांत मावतो, तर वरचं दोन थरांचं चित्र 32 बिटांच्या आकड्यांत 308 किलोबाइटांचं होतं. म्हणजे चित्र साठवून जागाही वाचत नाही. उद्या लोधिवलीच्या फितीत तिसरा रातकिडा निघाला आणि त्याची शांतता 6 मिलिसेकंदांची असली, तर मूळ आवाज हाती असणाऱ्याला नवी विंडो लावून पुन्हा पाहता येईल. ज्याच्याकडे फक्त चित्रं उरली, त्याला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागेल.